गुडघ्याखालचं टेंगूळ आणि भिंतीवरची पट्टी: वाढीच्या वयातल्या फुटबॉलपटूंचा सराव कसा बदलावा

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या मैदानावर मी तेरा वर्षांखालच्या मुलांना फुटबॉल शिकवतो. काही वर्षांपूर्वी त्या संघात एक डावखुरा विंगर होता. नवव्या वर्षी तो वयाच्या मानाने इतका तयार होता की वडिलांनी त्याची लगोरी, खो-खो, तळीतलं पोहणं, सगळं बंद करून त्याला फक्त फुटबॉलला लावलं. मीही त्यांना दुजोरा दिला होता, हे आधीच सांगून टाकतो. बाराव्या वर्षी तो शाळेच्या संघात होता, आमच्याकडे होता आणि तालुक्याबाहेरच्या एका खासगी अकॅडमीतही जात होता.

चवथ होऊन गेल्यावर एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडत होती आणि मला ती दिसत नव्हती. बाकीची मुलं उकिडवी बसून बुटांच्या नाड्या बांधायची, हा पाय बाकावर ठेवून बांधायचा. मला वाटलं, सवय असेल. नोव्हेंबरमध्ये लांब पास मारल्यावर तो खाली वाकून उजवा गुडघा चोळू लागला. मी विचारलं तर म्हणाला, "दुखता सर, पूण खेळूंक जाता." मोजा खाली केला तर वाटीच्या दोनेक बोटं खाली, नडगीच्या हाडावर सुपारीएवढं टेंगूळ होतं. अंगठ्याने हलकं दाबलं तरी त्याने पाय मागे ओढला.

डॉक्टरांनी तपासून नाव सांगितलं, ऑसगुड-श्लाटर. हा संसर्ग नाही आणि हाड मोडलेलंही नाही. मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाला जिथे चिकटतो, ती जागा या वयात पूर्ण हाड झालेली नसते, तिथे अजून कूर्चा असते. प्रत्येक फटका, प्रत्येक उडी, धावता धावता थांबणं, यात तो स्नायू त्या कच्च्या जागेला ओढ देतो. उंची झपाट्याने वाढते तेव्हा ही ओढ आणखी वाढते आणि जागा सुजते. मुलग्यांमध्ये हे साधारण बारा ते पंधरा या वयात दिसतं, मुलींमध्ये त्याआधी. टाचेच्या मागच्या बाजूला याच प्रकारचं दुखणं त्याहून लहान वयात, आठ-नऊ वर्षांपासून येऊ शकतं.

त्याचा उजवा गुडघा का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता, कारण फटके तो डाव्याने मारायचा. नंतर लक्षात आलं की फटका डाव्याने असला तरी शरीर रोखून धरण्याचं काम दर वेळी जमिनीवर रोवलेला उजवा पायच करत होता. तीन वर्षं, तीन मैदानं, पण हालचाल एकच आणि रोवलेला पाय एकच. पोहायला गेला असता तर खांदे चालले असते, खो-खोत दोन्ही बाजूंना वळला असता. एकाच खेळात लवकर गुंतवण्याचा पहिला तोटा असा अगदी यांत्रिक असतो. वाढणाऱ्या हाडाच्या एकाच जागेवर वर्षभर तोच भार पडत राहतो.

आधी तासांची बेरीज

दुखणं कळलं त्या संध्याकाळी मी वडिलांना बसवून आठवड्याचा हिशेब मांडला. शाळेत तीन दिवस एकेक तास, म्हणजे तीन. आमच्याकडे चार दिवस दीड-दीड तास, म्हणजे सहा. अकॅडमीत दोन दिवस मिळून तीन. सामन्यांचे दोन. एकूण चौदा तास, आणि मुलाचं वय बारा. आम्हा तिघा प्रशिक्षकांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की आपला सराव बेताचा आहे, आणि आपापल्या जागी ते खरंही होतं. बेरीज कुणीच केली नव्हती.

मुलांच्या क्रीडावैद्यकात एक सोपा निकष वापरतात. आठवड्यातले शिस्तबद्ध सरावाचे आणि सामन्यांचे एकूण तास मुलाच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नसावेत. अमेरिकेत जवळपास बाराशे तरुण खेळाडूंची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ही मर्यादा ओलांडणाऱ्या मुलांमध्ये अतिवापराच्या गंभीर दुखापती जास्त दिसल्या. शिस्तबद्ध सराव मोकळ्या खेळाच्या दुपटीपेक्षा जास्त होता, त्यांच्यातही तसंच दिसलं. हा निकष म्हणजे भिंत नव्हे. अकरा तास खेळणारा बारा वर्षांचा मुलगाही दुखावू शकतो, विशेषतः उंची वाढत असताना. पण बेरीज मर्यादेबाहेर गेली असेल, तर बाकी काही करण्याआधी ती खाली आणावी लागते.

म्हणून आता हंगामाच्या सुरुवातीला मी प्रत्येक पालकाकडून एक कागद भरून घेतो. सोमवार ते रविवार, कुठे, किती वाजता, कुणाकडे. शाळेच्या पीटी सरांना फोन करणं थोडं अवघड जातं, कारण आपण त्यांच्या कामात ढवळाढवळ करतोय असं वाटतं. तरी फोन करायचा. बहुतेक वेळा तेही म्हणतात, मला हे माहीतच नव्हतं.

मग उंचीची वही

जन्मदाखल्यावर एकच वय असलेल्या दोन मुलांच्या शरीराचं वय दोन-तीन वर्षांनी वेगळं असू शकतं. मुलग्यांची उंची सर्वांत वेगाने वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींची बाराव्याच्या आसपास, पण एखाद्याची बाराव्याला तर एखाद्याची सोळाव्याला. त्या काळात मुलगा वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर वाढतो. आधी पावलं वाढतात, मग पाय लांबतात, धड मागून येतं. त्यामुळे "दोन महिन्यांत बूट लहान पडले" असं आईने सांगितलं की मी वहीत खूण करतो.

मोजमाप महिन्यातून एकदा, ठरलेल्या रविवारी सकाळी. सकाळीच, कारण दिवसभरात पाठीचा कणा दबून संध्याकाळपर्यंत उंची सेंटिमीटरभर कमी भरू शकते. आमच्या क्लबच्या खोलीत भिंतीवर पोलादी पट्टी ठोकलेली आहे. खालची फरशी सपाट आहे ना, ते आधी बघून घेतलं. मुलगा अनवाणी उभा राहतो, टाचा, नितंब आणि पाठ भिंतीला, नजर समोर, हनुवटी वर नाही की खाली नाही. मोठा श्वास घ्यायला सांगतो आणि सुतारकामाचा गुण्या डोक्यावर टेकवतो. दोनदा मोजायचं. दोन आकड्यांत चार मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजून मधला आकडा घ्यायचा.

एका महिन्याच्या फरकावर विश्वास ठेवू नका. मोजण्यातली चूकच तीन-चार मिलिमीटर असते, म्हणजे जवळजवळ तेवढीच जेवढी मूल एरवी महिन्यात वाढतं. तीन महिन्यांचा फरक घ्या आणि तिनाने भागा. महिन्याला सरासरी 0.6 सेंटिमीटर किंवा जास्त येत असेल तर मूल झपाट्याच्या वाढीत आहे असं धरा. फुटबॉल अकॅडमींतल्या मुलांच्या अभ्यासातही याच वेगाच्या वर दुखापतींचा धोका वाढलेला दिसला आहे.

आमच्या विंगरची वही तेव्हा मी नुकतीच सुरू केली होती. ऑगस्टमध्ये 148.2, सप्टेंबरमध्ये 148.6, ऑक्टोबरमध्ये 149.2, नोव्हेंबरमध्ये 150.1. ऑगस्ट ते नोव्हेंबर 1.9 सेंटिमीटर, महिन्याला 0.63. डिसेंबरमध्ये 151.0 भरली, म्हणजे सप्टेंबरपासून महिन्याला 0.8. आकडे वहीत होते, पण मी ते उतरवून ठेवत होतो, वाचत नव्हतो. नोव्हेंबरच्या मोजणीला भागाकार केला असता तर त्याच आठवड्यात फटके कमी करता आले असते.

आणखी एक अंदाज उपयोगी पडतो. आईवडिलांच्या उंचीची बेरीज करा, मुलगा असेल तर तीत 13 मिळवा, मुलगी असेल तर 13 वजा करा, आणि निम्मे करा. त्याचे वडील 168, आई 155. बेरीज 323, अधिक 13 म्हणजे 336, निम्मे 168. हा त्याच्या प्रौढ उंचीचा ढोबळ अंदाज. डिसेंबरमधले 151.0 म्हणजे त्याचे साधारण 90 टक्के, आणि वाढीचा सर्वांत जोराचा काळ बहुतेकांत याच टप्प्याच्या आसपास येतो. पालकांना उंची विचारू नका, पट्टीला उभं करून मोजा, कारण सांगितलेली उंची बहुधा जास्त असते. हा अंदाज आठ सेंटिमीटर इकडेतिकडे चुकू शकतो, म्हणून तो गट पाडायला वापरायचा. "तू एवढाच उंच होणार" असं मुलाला सांगायला कधीही नाही.

झपाट्याच्या महिन्यांत मैदानावर काय बदलायचं

खेळ बंद करून मुलाला घरी बसवायचं नाही. पूर्ण विश्रांतीने दुखणं थांबतं, पण स्नायू सुटतात आणि परतल्यावर तेच दुखणं पुन्हा येतं. कमी करायचं ते त्या जागेला ओढ देणारं काम.

वेगाने वाढत असलेल्या, पण न दुखणाऱ्या मुलासाठी मी तीन बदल करतो. एक, लांब फटके आणि गोलवर शॉट निम्म्यावर. सरावात चाळीस मारत असेल तर वीस, आणि मोजून, कारण मुलं स्वतः थांबत नाहीत. दोन, उड्या आणि वेगातून एकदम थांबण्याचे व्यायाम आठवड्यात एकदाच, आणि लागोपाठ दोन दिवस जोराचा सराव नाही. डिसेंबरनंतर आमची तांबडी जमीन सिमेंटसारखी टणक होते. तेव्हा हे व्यायाम भातकापणी झालेल्या शेतातल्या मऊ जागेवर घेतो, फक्त खुंट आणि खड्डे आधी बघून. तीन, सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं समतोल, एका पायावर उभं राहून पास, उडी मारून गुडघे वाकवत हलकं उतरणं, पडायला शिकणं. फिफाने सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी असा वॉर्म-अप तयार केला आहे. चार युरोपीय देशांतल्या चाचणीत तो करणाऱ्या संघांत दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. आठवड्यातून निदान दोनदा तरी व्हायला हवा.

चेंडूचा स्पर्श मात्र कमी करायचा नाही. या काळात मूल अडखळतं. पाय अचानक लांब झालेले असतात आणि मेंदूकडे जुनी मापं असतात. कालपर्यंत सहज थांबणारा चेंडू आज नडगीवरून उडतो. निवड नेमकी याच महिन्यांत झाली की प्रशिक्षक म्हणतो, पोरगं बिघडलं, मन लागत नाही. मी असं म्हटलेलं आहे. त्या वेळी हवा असतो छोटा चौकोन, चार जणांत एक चेंडू, खूप स्पर्श आणि चुकायला मोकळीक.

दुखायला लागलेल्या मुलाचं वेगळं. डॉक्टरांनी निदान केल्यावर आमच्या विंगरचे तास चौदावरून सहावर आणले. अकॅडमी बंद, शाळेचा सराव फक्त पासिंगपुरता, आमच्याकडे तीन दिवस. पहिले चार आठवडे शॉट नाही, उडी नाही, वेगाने धावणं नाही. भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं तीस सेकंद, पाच वेळा, आणि पाठीवर झोपून कंबर उचलणं. पाचव्या आठवड्यापासून सावकाश बैठका, पुढे पाऊल टाकून वाकणं, दहा छोटे पास दोन्ही पायांनी. नवव्यापासून हळूहळू शॉट, वीस मिनिटांचा छोटा सामना. रोज त्याला विचारायचो, शून्य ते दहात किती दुखतं? दोनपर्यंत चालू ठेवायचं. तीन ते पाच असेल तर कमी करायचं, आणि दुसऱ्या सकाळी उठताना जास्त दुखलं तर आदल्या आठवड्याच्या पायरीवर परत. पाचच्या वर किंवा लंगडणं दिसलं की त्या दिवशीचं बंद. मूल आकडा खोटा सांगतंय असं वाटलं तर आकडा सोडा आणि त्याला उकिडवं बसायला सांगा.

ठरवलेले बारा आठवडे झाले तरी तो पूर्ण सामना खेळू शकला नाही, सात महिने लागले. पालकांना हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं. नाहीतर तिसऱ्या आठवड्यात दुखणं थोडं कमी झालं की मूल परस्पर एखाद्या गावच्या स्पर्धेत उतरतं.

काही दुखणी मात्र प्रशिक्षकाने हाताळायची नसतात. दहा ते पंधरा वर्षांचं मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडतं, पण गुडघ्यावर दाबून कुठेच दुखत नाही, आणि पाय मांडीपासून आत वळवता येत नाही. अशा वेळी खरा बिघाड खुब्यात असू शकतो, तिथलं वाढीचं टोक घसरलेलं असतं. त्या मुलाला पायावर भार देऊ न देता त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि खुब्याचा एक्स-रे काढायला सांगा. उडी मारताना कट आवाज होऊन गुडघ्याखाली तीव्र कळ आली आणि पाय सरळ उचलता येईना, तरीही तेच. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप किंवा एकाच जागी वाढत जाणारी सूज असेल तर वाट पाहू नका.

निवड आणि सामने

त्या मुलाचा जन्म फेब्रुवारीचा. आपल्याकडे वयोगट 1 जानेवारीला तुटतो, त्यामुळे नवव्या वर्षी तो डिसेंबरात जन्मलेल्या मुलांपेक्षा दहा महिन्यांनी मोठा होता. त्या वयात दहा महिने म्हणजे केवढं तरी अंतर! मी ज्याला प्रतिभा समजलो तिच्यात थोडा वाटा कॅलेंडरचा होता. स्वतःचा संघ तपासून बघा, जानेवारी ते मार्च जन्माची मुलं किती आणि ऑक्टोबर ते डिसेंबरची किती. माझ्या एका वर्षीच्या अठरात नऊ विरुद्ध एक होती.

जिंकण्याचा दबाव असला की प्रशिक्षक लवकर वाढलेल्या मुलाला पुढे ठेवतो आणि त्याच्याकडे लांब चेंडू टाकायला सांगतो. तो मुलगा अंगाच्या जोरावर गोल करतो आणि पहिला स्पर्श शिकत नाही. दोन वर्षांत बाकीचे त्याला गाठतात. उशिरा वाढणारा तोवर बाकावर कंटाळून खेळ सोडून गेलेला असतो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात हाच नमुना उलट्या बाजूने दिसतो. लहान वयोगटांत अव्वल असलेल्यांनी मुख्य खेळ लवकर सुरू केला होता. प्रौढपणी जागतिक दर्जाला पोचलेल्यांनी मात्र तो तुलनेने उशिरा सुरू केला, बालपणी इतर खेळ जास्त खेळले आणि सुरुवातीला त्यांची प्रगती सावकाश होती.

यावर मी आठवड्यातून एकच सराव वेगळा घेतो. अंदाजित प्रौढ उंचीच्या 85 टक्क्यांखालची मुलं एका गटात, 85 ते 90 दुसऱ्या, त्यापुढची तिसऱ्या, मग वय काहीही असो. चारास चार, पंचवीस बाय वीस मीटरचं मैदान. थोराड मुलाला तिथे धक्का देऊन सुटता येत नाही, आणि लहानखुऱ्याला पहिल्यांदाच चेंडू पायाशी ठेवायला सवड मिळते. सामन्यात प्रत्येक मुलगा निदान अर्धा वेळ खेळतो, अंतिम सामना असला तरी. हे स्पर्धेआधी पालकांसमोर बोलून ठेवतो, नाहीतर शेवटच्या दहा मिनिटांत माझाच हात डगमगतो. नॉर्वेत अकरा वर्षांखालच्या मुलांचे गुणतक्ते प्रसिद्धच करत नाहीत. आपल्या गावच्या स्पर्धांत ते उद्या होणार नाही, पण दहा वर्षांखालच्यांना चषकाऐवजी सगळ्यांना चार-चार छोटे सामने द्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की आठवड्यात एक-दोन दिवस आणि वर्षात एकूण तीन महिने, महिन्या-महिन्याच्या तुकड्यांनी, मुख्य खेळापासून सुट्टी हवी, आणि बहुतेक खेळांत एकाच खेळाची निवड पंधरा-सोळापर्यंत लांबवावी. गोव्यात हे जमवणं सोपं आहे. परीक्षेचा मार्च, उन्हाचा मे आणि मैदान पाण्याखाली असतं तो जुलै. जुलैत आम्ही शाळेच्या सभागृहात कबड्डी, बॅडमिंटन आणि लंगडी घेतो. लंगडीत एका पायावर तोल आणि हलकं उतरणं आपोआप होतं.

विंगरचे वडील तेव्हा म्हणाले होते, "सर, या वर्षीची ट्रायल गेली तर सगळं गेलं." मी त्यांना वही दाखवली आणि सांगितलं, "दुखऱ्या गुडघ्यावर आणि बदललेल्या मापाच्या पायांवर तो ट्रायल देईल तर निवडणारे अडखळणारा मुलगा बघतील. तुम्ही आणखी एक वर्ष द्या." ते तासभर बोलले नाहीत, पण अकॅडमीची पुढची फी भरली नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याची वाढ महिन्याला 0.3 वर आली. टेंगूळ आजही हाताला लागतं, ते राहणारच, दाबल्यावर दुखत नाही एवढंच. नाड्या तो उकिडवा बसून बांधतो, आणि शॉट मात्र अजून मोजूनच मारतो, वीस डाव्याने, वीस उजव्याने.